निळ्या दोऱ्याचा पट्टा

ताईंच्या दुकानावर पाटी आहे ती एवढीच: 'कपडे दुरुस्ती'. नवं काही त्या शिवत नाहीत. फाटलेलं, उसवलेलं, सैल झालेलं आणि अंगाला होईनासं झालेलं, तेवढंच त्यांच्याकडे येतं. लोक पँट टाकतात आणि जाताना म्हणतात, "ताई, जरा लवकर बघा हं." ज्याला काडीची घाई नसते तोही हे म्हणतो. ताई मान हलवतात, तोंडातल्या टाचण्या काढून गादीत टोचतात आणि कपड्याला रंगीत दोऱ्याचा एक टाका घालून ठेवतात. बँकेतल्या माणसाला हिरवा, शाळेतल्या बाईंना पिवळा, समोरच्या औषधवाल्याला जांभळा. कुठे लिहून ठेवत नाहीत, चिठ्ठी लावत नाहीत. इतक्या वर्षांत एकाची पँट दुसऱ्याच्या घरी गेलेली नाही, आणि याचा ताईंना अभिमान आहे. दुसरा कसला अभिमान बाळगायला त्यांना सवडच झालेली नाही.

अलीकडे मात्र ताई थकल्या होत्या. काम केल्यावर माणूस थकतो तो थकवा नव्हे. तो त्यांना चांगला माहीत होता, झोपलं की उतरायचा. हा सकाळी उठतानाच अंगावर बसलेला असायचा. दुकानाच्या तीन पायऱ्या चढल्या की त्या कुलपाला हात लावून उभ्या राहायच्या, जणू किल्ली शोधतायत. किल्ली हातातच असायची. मशीनचं पायडल मारताना पोटऱ्या भरून यायच्या. जेवल्यावर वाटायचं की आता कुणी 'झोप' म्हणालं तर इथंच, कापडाच्या गठ्ठ्यावर डोकं टेकावं. तसं कुणी म्हणत नव्हतं. आरशात पाहिलं की चेहरा धुऊन धुऊन रंग गेलेल्या कापडासारखा दिसायचा, पण पन्नाशी जवळ आली की बाईचा रंग असाच व्हायचा, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. महिन्याचा त्रासही वाढला होता. तेही वयाच्याच खात्यावर टाकलं. वयाचं खातं फार मोठं असतं, त्यात काहीही मावतं.

शिवाय घरात आजारी माणूस होतं. आजारी माणूस म्हणजे त्यांचे यजमान.

यजमानांना सगळे कॅप्टन म्हणतात. ते सैन्यात कधीच नव्हते. पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढण्यात त्यांची नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर हातात काही उरलं नाही तेव्हा त्यांनी सायकल धरली आणि सायकलीनं त्यांना. वर्षभरात दहा-बारा समवयस्क जमले, कॅप्टन पुढे आणि बाकीचे मागे. माणूस मुळात प्रेमळ, पण हौशी. हौस एकट्यानं करायची नाही हा त्यांचा नियम. स्वतःला नवी सायकल घेतली तेव्हा ताईंनाही घेतली. स्वतःला नवं घड्याळ घेतलं तेव्हा जुनं ताईंच्या मनगटावर आलं. आणि छातीला बांधायचे पट्टे घेतले ते तर दोन, एकाच खोक्यातून, अगदी जुळे.

हा पट्टा ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगायला हवं. छातीच्या खाली, बरगड्यांभोवती घट्ट बसणारं हे इलॅस्टिक असतं. आतल्या बाजूनं दोन रबरी जागा असतात, त्या पाण्यानं ओल्या करून अंगाला टेकवायच्या म्हणजे हृदयाचे ठोके त्यांना समजतात. समोर मधोमध एक सुपारीएवढी चपटी डबी दोन टिचबटणांनी बसवलेली असते. ती डबी ठोके मोजते आणि हवेतून घड्याळाकडे पाठवते. घड्याळाला एकदा सांगून ठेवायचं की ही डबी आपली. मग सायकल सुरू केली की घड्याळ तिला शोधतं आणि आकडा दाखवतं. ही जोडणी कॅप्टननी पहिल्याच दिवशी केली होती. आधी स्वतःचं घड्याळ आणि स्वतःचा पट्टा, मग ताईंना दुसऱ्या खोलीत नेऊन त्यांचं. दुसऱ्या खोलीत का, असं ताईंनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "नाहीतर तुझं घड्याळ माझा पट्टा पकडून बसेल. तुझ्यासारखंच आहे ते, जवळचा दिसला की धरलं."

दोन्ही पट्टे सारखे, म्हणून ताईंनी आपल्या पद्धतीनं खूण केली. कॅप्टनच्या पट्ट्याच्या टोकाला निळ्या दोऱ्याचे चार टाके, स्वतःच्या पट्ट्याला लाल दोऱ्याचे. खूण अशी पक्की की सकाळी अंधारात बोटानं चाचपली तरी कळावं, निळा गाठीचा आणि लाल बिनगाठीचा.

तर दोनेक महिन्यांपूर्वी कॅप्टनच्या घड्याळानं दगा दिला. म्हणजे त्यांना वाटलं, हृदयानं.

सपाट रस्ता होता, वारा नव्हता, दोघं शेजारी शेजारी रमतगमत चालले होते. कॅप्टननी मनगटाकडे पाहिलं तर एकशे त्रेसष्ट. त्यांनी ब्रेक दाबला. एरवी त्या वेगाला त्यांचा आकडा एकशे दहाच्या आसपास असायचा. त्यांनी ताईंचं मनगट ओढून पाहिलं, तिथे एकशे आठ. "तू घोडी आहेस," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात कौतुकापेक्षा भीती जास्त होती. ताईंना त्या वेळी बोलण्याइतकाही दम नव्हता. पण घड्याळ एकशे आठ म्हणत होतं. मग तो दम लागलेला नव्हता, आळस होता. घड्याळाशी कोण वाद घालणार?

डॉक्टर झाले. हृदयाचा आलेख काढला, तो नीट. चालत्या पट्ट्यावर पळवलं, नीट. एक दिवस-रात्र छातीला यंत्र बांधून ठेवलं, त्यातही काही नाही. डॉक्टर म्हणाले, "सापडत नाही म्हणजे नाही असं नव्हे. सायकल बंद करू नका, पण एकशे चाळीसच्या वर जाऊ देऊ नका. आणि एकटे मुळीच जाऊ नका. कुणीतरी सतत शेजारी हवं."

कुणीतरी म्हणजे कोण, हे सांगायची गरज नव्हती.

त्या दिवसापासून ताईंची मोकळीक संपली. पूर्वी त्या आठवड्यातून एकदा, मन असलं तर, सायकलवर जायच्या. आता रोज. उजाडायच्या आत उठायचं, पट्टे ओले करायचे, निळा यजमानांच्या हातात द्यायचा, लाल आपण बांधायचा, आणि त्यांच्या चाकाला चाक लावून चालायचं. कॅप्टननी घड्याळात गजर लावला. एकशे चाळीसच्या वर गेलं की टुकटुक वाजायचं. टुकटुक झालं की दोघांनी थांबायचं. रस्त्याला एक जुना मोरीचा कट्टा होता, कॅप्टन त्यावर बसायचे, डोळे मिटायचे आणि श्वास मोजायचे. ताई दोन्ही सायकली धरायच्या, झाडाला टेकवायच्या, बाटली काढायच्या, बाटली रिकामी असली तर पलीकडच्या नळावर धावायच्या.

"किती झालं?" त्या धापा टाकत परत येऊन विचारायच्या.

"उतरत नाहीये गं," कॅप्टन पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्यानं म्हणायचे. "बसलोय तरी वाढतंय."

मग ताई आणखी घाबरायच्या आणि आणखी धावायच्या. ओला रुमाल कर, मानेवर ठेव, सावलीला ने. आकडा वरच. अखेर सगळी उठाठेव संपली आणि करण्यासारखं काही उरलं नाही, की ताई त्यांच्या शेजारी गप्प टेकायच्या, आणि मग कुठे तो हळूहळू खाली यायचा. "तू जवळ बसलीस की बरं वाटतं," कॅप्टन एकदा म्हणाले. इतक्या वर्षांच्या संसारात असलं वाक्य ताईंच्या वाट्याला आलं नव्हतं. त्यांनी ते दिवसभर मशीनवर बसून मनात घोळवलं आणि एका कोटाची बाही उलटी लावली.

घरी आल्यावर कॅप्टननी हलायचं नाही, असा ताईंचाच हुकूम होता. पाण्याचा कॅन वर चढवायचा ताईंनी, भाजीची पिशवी ताईंनी, गादी उलटायची ताईंनी. "तुम्ही बसा, मी बघते," हे त्यांचं पालुपद झालं. दुसऱ्या शहरात असलेली लेक रोज फोन करायची.

"बाबांचा आकडा काय आज?"

"एकशे एकोणसाठपर्यंत गेला होता."

"आई, त्यांच्याकडे नीट लक्ष दे. तुझं बरं आहे, तुझं हार्ट चांगलं आहे."

"हो गं," ताई म्हणायच्या. फोन ठेवून भिंतीला टेकून उभ्या राहायच्या. आपलं बरं आहे, हे त्यांना पटतही होतं. घड्याळ रोज सांगत होतं. उलट आपण इतक्या धडधाकट असून पायऱ्यांना घाबरतो, याची त्यांना लाज वाटायला लागली होती. थकलेल्या माणसाला थकण्याचं कारण मिळालं नाही तर तो स्वतःलाच कारण समजायला लागतो, ताईंचं तसं झालं.

शेवटी डॉक्टरच एकदा म्हणाले की कागदावर सगळं ठणठणीत आहे, एकदा ते तुमचं यंत्र कुणाला तरी दाखवा. म्हणून दोघं सायकलवाल्याकडे गेले.

सायकलवाला कॅप्टनच्या मंडळींचा नेहमीचा. दुकानभर चाकं टांगलेली, ग्रीस आणि रबराचा वास. त्यानं वहिनींना बसायला स्टूल दिलं. ताई स्टुलावर बसल्या आणि पिशवीतून एक पँट काढून तळाची घडी शिवायला लागल्या. रिकामं बसलं की झोप येते हे त्यांना माहीत होतं.

सायकलवाल्यानं क्रमानं सगळं पाहिलं. पट्टा सैल नाही ना? नाही. आतली रबरं कोरडी होती, त्यानं ती ओली करायला लावली. "कोरडं असलं की उगाच कमीजास्त दाखवतं," तो म्हणाला. डबीतला सेल बदलला. टोकाचे निळे टाके बघून म्हणाला, "खूण झकास केलीय वहिनी." मग कॅप्टननी शर्टाखाली पट्टा बांधला, आणि त्यानं घड्याळ हातात घेऊन त्यातल्या जोडलेल्या यंत्रांची यादी काढली.

"शोधतंय," तो म्हणाला. "शोधतंय, शोधतंय. सापडत नाही. पट्टा तुमच्या अंगावर आहे आणि घड्याळाला सापडत नाही?"

"रस्त्यावर सापडतो की," कॅप्टन म्हणाले.

सायकलवाल्यानं डोकं खाजवलं. "मग तुमच्या घड्याळानं दुसऱ्याच कुणाचा तरी पट्टा धरलाय, कॅप्टन. तुम्ही दहा-बारा जण चालता, तिथं कधीतरी गडबडीत झालं असेल. ही डबी रेडिओ स्टेशनासारखी असते. ती बोलत राहते, जवळपास कुणीही ऐकावं. ज्या घड्याळाला ती ऐकायला सांगितलं ते ऐकतं. छाती कोणाची, ते त्याला काय ठाऊक?" त्यानं यादीतलं जुनं नाव काढून टाकलं, कॅप्टनना दुकानाबाहेर मोकळ्या जागेत उभं केलं, घड्याळाला नव्यानं शोधायला लावलं. लगेच सापडलं. चौऱ्याहत्तर.

"चौऱ्याहत्तर," कॅप्टननी वाचलं. जागेवर उड्या मारून पाहिलं, नव्वद. थांबले, पुन्हा ऐंशीच्या आत. ते आत आले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. "अगं, मला काही झालेलं नाही," ते म्हणाले. "दोन महिने मी दुसऱ्याचं हृदय घेऊन हिंडत होतो."

ताईंच्या हातातली सुई थांबली. बरं वाटलं, फार बरं वाटलं. आणि पहिला विचार मनात आला तो असा, की आता उद्या उठायला नको. त्या विचाराचीही त्यांना लाज वाटली.

"पण तो बिचारा कोण असेल?" कॅप्टन सायकलवाल्याला म्हणत होते. "एवढ्याशा चालीला एकशे साठ. त्याला माहीतही नसेल. त्याला शोधून काढलं पाहिजे हो, डॉक्टरकडे नेलं पाहिजे."

"शोधू," सायकलवाला म्हणाला, आणि पुढच्या गिऱ्हाइकाचं पंक्चर बघायला वळला.

दुसऱ्या दिवशी ताईंना उठावं लागलंच. आज साजरं करायचं, असं कॅप्टनचं म्हणणं, आणि साजरं करणं एकट्यानं कसं होणार? ताईंनी पट्टे ओले केले, गाठीचा निळा दिला, बिनगाठीचा लाल बांधला. दोन महिने कोंडलेला माणूस सुटावा तसे कॅप्टन सुटले. ते पुढे गेले की ताईंच्या घड्याळावर नुसत्या आडव्या रेघा यायच्या. जुनं घड्याळ, मनगटावरून ठोके मोजायची सोय त्यात नाही. रेघा आल्या की ताई समजायच्या, म्हातारं झालंय बिचारं. यजमान परत फिरून जवळ आले की आकडा यायचा.

मोरीचा कट्टा आला तसं ताईंच्यानं पुढे जाववेना. त्यांनी सायकल आडवीच टाकली, झाडाला टेकवायचं त्राण नव्हतं, आणि कट्ट्यावर बसल्या. कानात ठोके वाजत होते. घड्याळावर रेघा. मग लांबून कॅप्टन वळून येताना दिसले, आणि रेघांच्या जागी आकडा आला. एकशे एकवीस.

कॅप्टन येऊन थांबले. "बघ," त्यांनी लहान मुलासारखं मनगट पुढे केलं. "एवढा दामटत आलो तरी किती? एकशे एकवीस."

ताईंनी त्यांचं घड्याळ पाहिलं, मग आपलं. एकशे एकवीस. कॅप्टन उभ्या उभ्या दम खात होते. दोन्ही घड्याळांवर एकदमच एकशे अठरा झालं. मग एकशे चौदा.

"वा," कॅप्टन म्हणाले. "दो शरीर, एक जान."

ताई हसल्या नाहीत. त्यांनी दोन बोटं गळ्याला लावली. बोटांखाली काहीतरी पळत होतं, मोजता येईना इतकं. घड्याळ म्हणत होतं एकशे नऊ, एकशे चार, आणि बोटांखालचं ते आपलं पळतच होतं. आयुष्यभर ज्या बाईनं बोटांवर विश्वास ठेवून काम केलं, तिनं दोन महिने बोटं सोडून काचेवर विश्वास ठेवला होता.

"अहो," ताई म्हणाल्या, "या डबीला टिचबटणं आहेत ना?"

"हो. का?"

"म्हणजे पट्टा वेगळा आणि डबी वेगळी."

"हो गं. धुताना काढायची असते ती."

ताईंना खिडकीची कड दिसली. एरवी त्या पट्टे डबीसकट नळाखाली नुसते खळबळून काढायच्या. पण एकदा फार घामट वास येतो म्हणून दोन्ही पट्टे साबणात भिजवायला काढले. डब्या टिचटिच करून काढल्या आणि खिडकीत ठेवल्या, शेजारी शेजारी. पट्टे वाळल्यावर लावल्या. कोणती कोणाला? तेव्हा हा प्रश्न मनातही आला नव्हता. बटण ते बटण. शर्टाचं बटण कुठल्याही शर्टाला चालतं. त्यांनी खूण केली होती ती कापडावर, कारण त्यांच्या धंद्यात माणूस कापडावरून ओळखतात. आणि इथं माणसाची ओळख बटणात होती.

"अदलाबदल माझ्या हातून झालीय," त्या म्हणाल्या. "तुमची डबी मी माझ्या पट्ट्याला लावली, आणि माझी तुमच्या."

इतकी वर्षं एकाची पँट दुसऱ्याला गेली नव्हती. आधी त्यांना त्याचंच वाईट वाटलं, तेही खरंच सांगायला हवं.

कॅप्टन नकाशे काढणारा माणूस. त्यांनी क्षणभर रस्त्याकडे पाहिलं आणि सगळा नकाशा त्यांच्या डोक्यात मांडला. ताईंच्या छातीवर कॅप्टनची डबी. कॅप्टनचं घड्याळ कालपर्यंत तीच ऐकत होतं. ताईंचं घड्याळ कॅप्टनच्या छातीवरची ऐकत होतं, आजही ऐकतंय. काल सायकलवाल्यानं कॅप्टनचं घड्याळही त्याच डबीला जोडलं, म्हणून आज दोन्हीकडे एकच आकडा. आणि ताईंच्या छातीवरची डबी कालपासून एकटीच बोलत होती, तिचं कुणीच ऐकत नव्हतं.

त्यांनी शर्टाखालून पट्टा पुढे ओढून डबी काढली, चष्मा कपाळावर नेऊन तिच्या पाठीवरचा बारीक क्रमांक वाचला. मग ताईंच्या घड्याळातली यादी उघडली. तोच क्रमांक. शंकेला जागा उरली नाही.

"दे तुझी," ते म्हणाले.

ताईंनी पाठ फिरवली, कुडत्याखाली हात घालून टिचबटणं सोडली. डबीला डबी दिली, आपली घेतली, लावली. घामानं पट्टा ओलाच होता. ताईंच्या घड्याळावर रेघा आल्या, कॅप्टनच्या घड्याळावरही. मग दोन्हीकडे जरा वेळानं एकदमच आकडा उमटला, कारण कॅप्टनचं घड्याळ कालच्या जोडणीनं आता ताईंना ऐकत होतं.

एकशे सेहेचाळीस.

बसून बराच वेळ झाला होता तरी एकशे सेहेचाळीस. आणि कॅप्टनच्या मनगटावर टुकटुक सुरू झालं.

दोन महिन्यांची सवय काय असते पाहा. टुकटुक ऐकल्याबरोबर कॅप्टन कट्ट्यावर बसायला वाकले, आणि ताई पाणी आणायला उठल्या. दोघंही अर्ध्यात थांबले. एकानं बसायचं नव्हतं आणि दुसरीनं उठायचं नव्हतं. ती टुकटुक पहिल्यापासून जिच्यासाठी वाजत होती, तिनं प्रत्येक वेळी सायकली धरल्या होत्या, नळावर धाव घेतली होती, रुमाल ओला केला होता. आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात ते दुसरं काय? आलेख कॅप्टनचे निघाले, पथ्य कॅप्टननी केलं, आणि लेकीनं रोज फोन करून ज्या हृदयाची चौकशी केली ते हृदय फोन धरून उभं होतं.

"आकडा का उतरत नव्हता," कॅप्टन हळू म्हणाले, "मी बसायचो, आणि तू..."

ताईंना पुढचं ऐकायचं नव्हतं. त्यांना रडू येत होतं, आणि ते दुःखाचं नव्हतं, भीतीचं तर मुळीच नव्हतं. काहीतरी झालंय आपल्याला, एवढंच मनात येत होतं, आणि ते कळल्याचा इतका मोठा आधार वाटत होता की त्या आवाज करून रडल्या. आपण आळशी नव्हतो. आपल्या मनाचे खेळ नव्हते. खरंच दम लागत होता.

पुढे त्याच डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि आकडा बघून विचारलं की या बाई चालत आत आल्या का. रक्त इतकं कमी होतं. औषधं, सुया, महिन्याच्या त्रासावर इलाज, सगळं रीतसर झालं. सायकलवाल्यानं नंतर विचारलं, "कॅप्टन, तुमचं घड्याळ तुमच्या डबीला जोडून देऊ का परत?" कॅप्टन म्हणाले, "राहू दे. माझं मी बघतो. यात तिचाच आकडा बरा आहे."

पण ते नंतरचं. त्या सकाळी कट्ट्यापाशी टुकटुक चालूच होती. ताई अर्धवट उठलेल्या, एक हात बाटलीकडे गेलेला. कॅप्टननी बाटली आधी उचलली. ती रिकामी होती. त्यांनी दोन्ही सायकली ओढून झाडाला टेकवल्या, एक घसरली, ती पुन्हा उभी केली. मग नळाकडे निघाले, चार पावलं जाऊन मागे वळले.

"तू बस," ते म्हणाले. "मी बघतो."

ताई बसल्या. रस्त्यावरून एक दूधवाला गेला, त्यानं यांच्याकडे पाहिलंही नाही. नळाचं पाणी बाटलीत पडल्याचा आवाज येत होता. ताईंनी मनगटाकडे पाहिलं. एकशे अडतीस झालं होतं, आणि उतरत होतं.